मेगाब्लॉकच्या हार्दिक शुभेच्छा: चमचमत्या शुभेच्छाचित्राचे हुबेहूब विडंबन कसे करावे

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी रात्री माझ्या भाच्याने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र पाठवले. काळ्या सपाट पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत ‘हॅपी मेगाब्लॉक’ एवढेच लिहिलेले होते. त्याच्या दोन मावसभावांनी अंगठा दाखवला, बाकी कोणाच्या ते लक्षातही आले नाही. कल्पना चांगली होती, कारण रविवारचा मेगाब्लॉक मुंबईकराच्या आयुष्यात कोणत्याही सणापेक्षा अधिक नियमाने येतो. फसले ते चित्राचे अंग. सणाच्या शुभेच्छांचे विडंबन करायचे तर चित्र आधी सणाच्या शुभेच्छांचे वाटले पाहिजे. वाचणाऱ्याचा अंगठा सवयीने नमस्काराच्या चिन्हाकडे वळला पाहिजे, आणि मग मधला एक शब्द वाचून तो थबकला पाहिजे. भाच्याच्या चित्रात थबकण्याजोगे काही नव्हते, कारण ते पहिल्या क्षणापासून विनोदच दिसत होते.

मी दादरला अनेक वर्षे डीटीपीचे काम केले आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसांचे फ्लेक्स आणि ऑर्कुटच्या काळात लोकांनी हौसेने मागितलेली ‘हलणारी’ शुभेच्छाचित्रे, असे सर्व या हातांखालून गेले आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी तेच चित्र पुन्हा, या वेळी रीतसर बनवले. त्या कामाची कृती येथे क्रमाने देत आहे. साधन म्हणून आम्ही संगणकावर मोफत मिळणारे गिम्प हे चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरले. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच दिली आहेत.

आधी मूळ चित्र नीट पाहावे

कामाला बसण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवरून दहा-पंधरा खरी शुभेच्छाचित्रे मागून घ्यावीत. आम्हाला डोंबिवलीच्या आत्याकडून अक्षय्य तृतीयेपासून नारळी पौर्णिमेपर्यंतची चित्रे मिळाली. ती शेजारी शेजारी लावून पाहिली की त्यांची रचना किती ठरीव आहे हे समजते. पार्श्वभूमी गडद जांभळी, किरमिजी किंवा गर्द निळी असते आणि मध्यभागी उजळत जाते. मध्ये देवता, कलश किंवा समई असते. खालच्या एका कोपऱ्यात गुलाब असतो, मग सण कोणताही असो. वर ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस’ अशी लहान ओळ, मध्ये सणाचे नाव मोठ्या सोनेरी चमकीच्या अक्षरांत, खाली ‘हार्दिक शुभेच्छा’, आणि तळाला फ्लेक्सवरून उचललेली ‘शुभेच्छुक’ची पट्टी असते. सभोवती लुकलुकणाऱ्या चांदण्यांची किनार असते.

ही चमक कशी होते, तेही फाइल उघडून पाहावे. गिम्पमध्ये हलणारे जीआयएफ उघडले की प्रत्येक चौकट, म्हणजे फ्रेम, वेगळा लेयर, म्हणजे थर, म्हणून दिसते. बहुतेक वेळा तेथे फक्त तीन फ्रेम सापडतात. अक्षरे तिन्हींत जागच्या जागी असतात, त्यांच्या आत भरलेले चमकीचे दाणे मात्र तिन्हींत वेगवेगळे असतात. त्या तीन फ्रेम झरझर फिरल्या की प्रत्येक दाणा उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो, आणि डोळ्याला जरीवर प्रकाश पडल्यासारखे वाटते. जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये आणला आणि फ्रेममधील अंतर ठरवण्याची सोय त्यात १९८९ च्या आवृत्तीत आली. आपल्याकडे घरोघरी तो पोहोचला तो ऑर्कुटच्या स्क्रॅपबुकांतून. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, पण त्या भिंतींवरची चमकी फोनमध्ये उतरली आणि तेथेच राहिली.

मजकूर

विनोद मजकुरात आणि तोही शक्यतो एकाच शब्दात असावा, असे माझे ठाम मत आहे. वाक्यरचना, आदर, आशीर्वादाचा सूर हे सगळे मुळासारखे ठेवून फक्त सणाच्या जागी मेगाब्लॉक बसवावा. आमचा मजकूर असा ठरला:

आपणांस व आपल्या कुटुंबीयांस
रविवारच्या मेगाब्लॉकच्या
हार्दिक शुभेच्छा
धिम्या मार्गावर वळवलेल्या प्रत्येक गाडीत आपणांस चौथी सीट लाभो
शुभेच्छुक: समस्त फलाट क्रमांक चार मित्रमंडळ

भाच्याच्या पहिल्या मसुद्यात आशीर्वादाच्या चार ओळी होत्या: सिग्नल, पंखा, खिडकी आणि उद्घोषणा, प्रत्येकावर एक. त्यातील तीन काढून टाकल्या. खऱ्या शुभेच्छाचित्रावर एकच आशीर्वाद असतो, दुसरा आला की लिहिणारा हसवायला बसला आहे हे कळते. चौथी सीट राहिली, कारण तिघांच्या बाकावर अर्धे अंग टेकवून बसण्याचे सुख कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तरुण मंडळी आणखी एक गोष्ट हमखास करतात, ती टाळावी. ‘शुभेच्या’, ‘हार्दीक’, ‘कुटूंबीय’ अशी मुद्दाम अशुद्धे घातली की विनोद चित्रावरून घसरून पाठवणाऱ्या माणसांवर जातो, आणि आमच्या आत्याचे मराठी तर भाच्यापेक्षा कितीतरी शुद्ध आहे. मूळ चित्रांत चुका असतात हे खरे, पण त्यातील पुष्कळशा लिहिणाऱ्याच्या नसून यंत्राच्या असतात. देवनागरीची जोडणी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्दिक’ची पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते आणि रफार पाय मोडून वेगळा उभा राहतो. गिम्पमध्ये ही जोडणी बरोबर होते, तरी ‘च्छा’ आणि ‘ब्लॉ’ ही दोन अक्षरे मोठी करून डोळ्यांनी तपासावीत. अक्षरांच्या अवजाराच्या पर्यायांत `Language` नावाची जागा असते, तेथे मराठी निवडावे. काही फॉन्टांत त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे होतात. ज्या फॉन्टांत ही सोय नाही त्यांत ते हिंदी वळणाचेच राहतात.

फॉन्ट जाड हवा. चमकीचे दाणे दिसण्यासाठी अक्षराच्या दांड्याला रुंदी लागते, आणि बारीक वळणदार अक्षरांत तीन-चार दाणेही मावत नाहीत. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा ‘बलू’ या कामाला फार चांगला आहे, कारण तो जाडजूड, गोलसर आणि मिठाईच्या खोक्यावर शोभेल असा आहे. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला ‘यात्रा वन’ विषयाला साजेसा वाटतो आणि आम्ही आधी तोच लावला, पण तो लावताच चित्र शुभेच्छांचे न राहता स्थानकाच्या पाटीचे झाले. विषयाला शोभणारे काहीही विडंबनात घातक ठरते, कारण मूळ चित्रकर्ता विषयाचा विचार करून फॉन्ट निवडत नाही.

मधल्या देवतेच्या जागी आम्ही फलाटावरील इंडिकेटर ठेवला: काळी चौकट, तांबूस दिव्यांची अक्षरे, ‘कल्याण’ आणि वेळेच्या जागी नुसत्या रेघा. त्याच्या दोन बाजूंना दोन समया, कोपऱ्यात गुलाब. देवाचे चित्र ठेवून त्याच्याभोवती विनोद करू नये. त्याने कोणाच्या भावना दुखावतील तो भाग आहेच, शिवाय पाहणाऱ्याचे लक्ष चित्राच्या शैलीवरून उडून थेट देवावर जाते.

चमकीचे दाणे

या कामातील सर्वात नाजूक भाग हाच आहे. आमचा पूर्ण कॅनव्हास ४८० बाय ४८० पिक्सेलचा होता. चमकी मात्र वेगळ्या फाइलमध्ये, निम्म्या आकारात, म्हणजे २४० बाय २४० मध्ये बनवावी. ती मध्यम सोनेरी रंगाने भरावी. आम्ही `#B8860B` घेतला. रंग फार उजळ घेतला तर दाण्यांना वर जायला जागा उरत नाही आणि सगळी चमकी पिवळ्या लेपासारखी दिसते. मग `Filters → Noise → HSV Noise` उघडावे. त्यात `Hue` अगदी थोडे ठेवावे, नाहीतर सोन्यात हिरवे आणि जांभळे दाणे येतात. `Saturation` मध्यम ठेवले की काही दाणे पांढरट होतात, आणि डोळ्याला चमक म्हणून तेच दाणे जाणवतात. `Value` जवळपास पूर्ण वाढवावे. आता `Image → Scale Image` मधून आकार ४८० करावा आणि `Interpolation` या जागी `None` निवडावे. यामुळे प्रत्येक दाणा दोन बाय दोन पिक्सेलचा, कडा स्वच्छ असलेला चौकोन होतो. येथे दुसरा पर्याय राहिला तर दाणे एकमेकांत मिसळून वाळलेल्या हळदीसारखा सपाट रंग तयार होतो.

थेट ४८० च्या आकारात दाणे का पाडू नयेत, हा प्रश्न भाच्याने विचारला. संगणकाच्या पडद्यावर एका पिक्सेलचा दाणा सुंदर दिसतो. फोनवर चित्र लहान होते, शेजारचे दाणे एकमेकांत सरासरीने मिसळतात आणि चमक जवळजवळ नाहीशी होते.

हीच कृती तीन वेळा करावी, आणि दरवेळी `New Seed` दाबावे म्हणजे दाण्यांची मांडणी नवी पडते. अनेकजण कष्ट वाचवण्यासाठी एकच चमकी घेऊन ती दुसऱ्या फ्रेममध्ये चार पिक्सेल उजवीकडे सरकवतात. चालवून पाहिले की चूक लगेच समजते: चमकी लुकलुकत नाही, अक्षराच्या आतून मुंग्यांची रांग गेल्यासारखी वाहते. आळसच करायचा असेल तर तोच तुकडा नव्वद आणि एकशेऐंशी अंशांत फिरवून वापरावा. तसे केल्यास वाहण्याचा भास होत नाही.

जोडणी

मुख्य फाइलमध्ये सर्वात खाली पार्श्वभूमी, तिच्यावर इंडिकेटर, समया आणि गुलाब, आणि त्यावर अक्षरांचा लेयर असावा. अक्षरांच्या लेयरवर `Layer → Transparency → Alpha to Selection` केले की अक्षरांच्या आकाराची निवड होते. आता पहिल्या चमकीचा लेयर वर आणून `Layer → Mask → Add Layer Mask` मध्ये `Selection` निवडावे, म्हणजे चमकी फक्त अक्षरांच्या आत उरते. तीच निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या चमकीलाही लावावी.

यानंतर अक्षरांना बाह्यरेषा द्यावी. `Select → Grow` मधून निवड तीन पिक्सेल वाढवून चमकीच्या खालच्या नव्या लेयरवर गडद किरमिजी रंग भरावा, पुन्हा दोन पिक्सेल वाढवून त्याखाली पांढरा भरावा. ही दुहेरी कड शोभेपुरती नाही. चमकीच्या दाण्यांत उजळ आणि काळपट दोन्ही असल्यामुळे अक्षराची सीमा डोळ्याला सापडत नाही, आणि कड नसेल तर ‘मेगाब्लॉक’ वाचण्यापूर्वीच माणूस नमस्कार पाठवून मोकळा होतो.

किनारीच्या चांदण्यांना आम्ही थोडा हिशेब केला. कडेपासून २० पिक्सेल आत चौकोन धरला तर त्याची एक बाजू ४४० आणि पूर्ण घेर १७६० पिक्सेलचा होतो. त्यावर २४ चांदण्या बसवल्या की दोघींत सुमारे ७३ पिक्सेल अंतर राहते. प्रत्येक चांदणीला तीन अवस्था असतात: लहान, मोठी आणि विझलेली. चांदणी म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन टोकदार रेघा आणि मध्ये पांढरा ठिपका, एवढे पुरते. पहिल्या प्रयत्नात आम्ही अवस्था क्रमाने वाटल्या: पहिली लहान, दुसरी मोठी, तिसरी विझलेली, आणि पुन्हा तेच. फ्रेम चालवल्या तेव्हा किनार गणपतीच्या मांडवातील धावत्या माळेसारखी चौकोनाभोवती पळू लागली. दिसायला ते छान होते, पण आत्याच्या एकाही चित्रात किनार पळत नव्हती, सगळ्यांत ती जागच्या जागी लुकलुकत होती. म्हणून कागदावर २४ खुणा करून अवस्था विस्कळीत वाटल्या. दोन शेजारणी एकाच वेळी मोठ्या होणार नाहीत एवढीच काळजी घेतली.

पार्श्वभूमी मात्र स्थिर ठेवावी. काही मुले जास्त अतिरेकी विडंबनाच्या नादात सगळी चौकट लाल-पांढरी उघडझाप करवतात. प्रकाशाची झपझप ज्यांना सोसत नाही त्यांना त्याने फिट येऊ शकते. वेबपृष्ठांसाठीच्या सुलभतेच्या निकषांत मोठ्या भागाची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे, आणि आपल्या फ्रेम सेकंदाला आठांच्या वेगाने बदलतात. लहान दाणे आणि लहान चांदण्या हलल्या तर चालते, पूर्ण पडदा हलता कामा नये.

आता पार्श्वभूमी, कड, पहिली चमकी आणि पहिल्या अवस्थेच्या चांदण्या एवढेच दिसू देऊन `Layer → New from Visible` करावे. हा झाला पहिला फ्रेम. असेच तीन करावेत. मूळ फाइल वेगळी जतन करून दुसऱ्या प्रतीत फक्त हे तीन लेयर ठेवावेत आणि त्यांना पुढीलप्रमाणे नावे द्यावीत. गिम्प सर्वात खालचा लेयर पहिला फ्रेम मानते आणि कंसातील वेळ वाचून घेते.

```
f3 (120ms)(replace)
f2 (120ms)(replace)
f1 (120ms)(replace)
```

`Filters → Animation → Playback` मध्ये चालवून पाहावे. वेळ ६० मिलिसेकंद केली तर चमकी टीव्हीवरील खरखरीसारखी दिसते आणि ३०० केली तर तीन चित्रे वेगवेगळी मोजता येतात. १०० ते १५० च्या दरम्यान जरीचा भास सर्वात चांगला होतो.

रंगांची कात्री आणि सरपटणारी पार्श्वभूमी

जीआयएफमध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. आमच्या चित्रात सोनेरीच्या शेकडो छटा आणि जांभळ्याचा मध्यभागी उजळत जाणारा उतार होता, म्हणून कात्री लागणारच होती. `Image → Mode → Indexed` मध्ये २५६ रंग निवडल्यावर खाली `Color dithering` असा पर्याय येतो. नसलेल्या छटा असलेल्या रंगांचे ठिपके मिसळून भासवण्याची ती पद्धत आहे. आम्ही सवयीने फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही पद्धत निवडली, आणि फ्रेम चालवताच पूर्ण जांभळी पार्श्वभूमी हलकेच सरपटू लागली.

कारण समजायला मला थोडा वेळ लागला. ही पद्धत एका पिक्सेलवर झालेली रंगाची चूक शेजारच्या पुढच्या पिक्सेलांकडे ढकलत जाते. तिन्ही फ्रेममधील चमकीचे दाणे वेगळे असल्यामुळे त्यांच्या चुकाही वेगळ्या, आणि त्या अक्षरांबाहेर सांडून पार्श्वभूमीवरील ठिपक्यांची मांडणी दर फ्रेममध्ये बदलत होत्या. `Positioned` हा पर्याय निवडला की ठिपक्यांची जागा पिक्सेलच्या स्थानावरून ठरते, शेजाऱ्यावरून नाही, त्यामुळे जे स्थिर आहे ते स्थिरच राहते. एवढा एक पर्याय बदलताच पार्श्वभूमी थांबली. ठिपक्यांची जाळी किंचित दिसते, पण मूळ चित्रांतही ती दिसतेच, त्यामुळे आमच्या कामाला ती मदतच झाली.

शेवटी `File → Export As` मधून `megablock.gif` असे नाव देऊन `As animation` आणि `Loop forever` या दोन खुणा कराव्यात. पहिली खूण विसरली तर फक्त स्थिर चित्र निघते. फाइल फार मोठी झाली तर आधी चमकीचे क्षेत्र पाहावे. जीआयएफची आटणी, म्हणजे फाइलचा आकार कमी करण्याची रीत, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नमुन्यांवर चालते, आणि विस्कटलेल्या दाण्यांत पुन्हा येणारे काहीच नसल्यामुळे चमकी आटत नाही. अक्षरांपुरती आणि किनारीपुरती चमकी ठेवली तर आकार आटोक्यात राहतो.

फोनवर गेल्यावर काय होते

संगणकावरचे जीआयएफ आणि गटावर पोहोचलेले चित्र एकच नसते. व्हॉट्सॲप जीआयएफ आहे तसे न पाठवता त्याचे आवाज नसलेले एमपी४ चलचित्र करते. त्यातून दोन अडचणी येतात, आणि दोन्हींचा अंदाज पाठवण्यापूर्वी घेता येतो.

पहिली अडचण लांबीची. आपले पूर्ण आवर्तन ३६० मिलिसेकंदांचे आहे, आणि एवढे तोकडे चलचित्र पुन्हा सुरू होताना काही फोनांवर अडखळते. त्यावर उपाय म्हणजे तेच तीन फ्रेम आठ वेळा जोडून २४ फ्रेमचे, सुमारे २.९ सेकंदांचे चित्र करणे. इमेजमॅजिक हे साधन असेल तर एका ओळीत होते:

```
magick megablock.gif -duplicate 7,0--1 megablock_lamb.gif
```

दुसरी अडचण रंगांची आहे. अशा चलचित्रांत प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा साठवला जातो, पण रंग चार पिक्सेलांना मिळून एकच साठवला जातो. त्यामुळे जांभळ्यावर थेट लाल अक्षरे असतील तर त्यांच्या कडा ओघळलेल्या कुंकवासारख्या दिसतात, कारण दोन्ही रंगांचा उजेड जवळपास सारखा आणि फरक फक्त रंगाचा असतो. आपण दिलेली पांढरी आणि गडद कड येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण तिच्यातला फरक उजेडाचा आहे आणि तो पूर्ण बारकाव्याने टिकतो. दाण्यांचेही तसेच आहे. आटणी बारीक विस्कळीत दाण्यांना सर्वात आधी बळी देते आणि त्यांची ओली खिचडी करते. घरच्या घरी हे तपासायला एफएफएमपेग या चलचित्रे रूपांतरित करणाऱ्या साधनाला खालची आज्ञा द्यावी:

```
ffmpeg -i megablock_lamb.gif -pix_fmt yuv420p -crf 32 chachani.mp4
```

येथे लांबी आणि रुंदी सम संख्येत असावी लागते. ४८१ पिक्सेल रुंदीचे चित्र ही आज्ञा नाकारते. `chachani.mp4` फोनवर घेऊन हातभर अंतरावरून पाहावे. आमच्या पहिल्या फेरीत दोन पिक्सेलचे दाणेही पुसट झाले. तेव्हा चमकी १६० बाय १६० मध्ये बनवून तिप्पट मोठी केली, म्हणजे दाणा तीन पिक्सेलचा झाला, आणि चमक परत आली. संगणकावर ती थोडी ओबडधोबड दिसते, तिकडे लक्ष देऊ नये.

चित्राऐवजी स्टिकर करायचे असेल तर माप ५१२ बाय ५१२, प्रकार वेबपी आणि हलत्या स्टिकरचे वजन ५०० केबीच्या आत लागते. त्या आकारात ‘शुभेच्छुक’ची पट्टी कोणाला वाचता येत नाही, म्हणून मला स्टिकर आवडत नाहीत.

निघण्यापूर्वीची एक तपासणी राहिली. तिन्ही फ्रेम एकेक करून स्थिर पाहावेत आणि प्रत्येकात ‘मेगाब्लॉक’ स्पष्ट वाचता येते का ते बघावे. कोणीतरी पडद्याचा फोटो काढून पुढे पाठवणारच, आणि तो कोणत्या फ्रेमवर निघेल ते आपल्या हातात नसते.

पाठवण्याची वेळ

भाच्याचे पहिले चित्र शनिवारी रात्री गेले होते. खरी शुभेच्छाचित्रे पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान येतात, आणि आमचे त्याच रांगेत मिसळले पाहिजे होते. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर सहसा माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावरचा ब्लॉक सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या आसपास संपतो, तेव्हा सहाची वेळ उपयोगाचीही होती. आधी जाहीर झालेले वेळापत्रक पाहून त्या रविवारी ब्लॉक खरोखर आहे याची खात्री करून घेतली. रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी, आत्याच्या ‘शुभ रविवार’च्या लगेच खाली, भाच्याने आमचे चित्र सोडले.

तीन काकांचे नमस्कार दोन मिनिटांत आले. चौथ्या काकांनी नमस्कार पाठवला, काढून टाकला आणि हसणारा चेहरा पाठवला. सात वाजता आत्याचा संदेश आला: “आजच आहे का रे? मग मी दुपारी ठाण्याला येत नाही, वहिनीला सांग. चित्र छान आहे, मी आमच्या भजनी मंडळाला पाठवते.”

नवरात्राच्या सुमारास ते चित्र आमच्या सोसायटीच्या गटावर, तिसऱ्याच कोणाकडून, माझ्याकडे परत आले. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे निदान पाच हातांतून गेलेले. चमकी थांबलेली होती, कोणीतरी पडद्याचा फोटो काढला होता. मोठे करून पाहिले तेव्हा उजव्या वरच्या कोपऱ्यातील चांदणी विझलेली दिसली, त्यावरून तो दुसरा फ्रेम होता. ‘मेगाब्लॉक’ वाचता येत होते. इंडिकेटरच्या कडांना आटणीचे चौकोन पडले होते, गुलाब तपकिरी झाला होता, आणि ‘समस्त फलाट क्रमांक चार मित्रमंडळ’ या पट्टीवर पांढरा आयत चिकटवून कोणा भलत्याच मंडळाने आपले नाव आणि दोन पदाधिकाऱ्यांचे फोटो लावले होते.